अडतीस गुणिले दोनशे पंच्याऐंशी

अमेरिकेत १९७८ च्या सुमारास शाळकरी मुलांच्या गणिताची देशपातळीवर चाचणी झाली होती. तिच्यातला एक प्रश्न गणित-शिक्षणाच्या जगात अजूनही सांगितला जातो. १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? छेद समान करत बसायचं नव्हतं, पर्यायांपैकी एक निवडायचा होता : १, २, १९, २१ किंवा ‘माहीत नाही’.

तेरा भागांपैकी बारा म्हणजे जवळजवळ एक. आठांपैकी सात म्हणजेही जवळजवळ एक. बेरीज दोनाच्या जरा अलीकडे. तेरा वर्षांच्या मुलांपैकी फक्त २४ टक्क्यांनी २ हा पर्याय निवडला. २८ टक्क्यांनी १९ आणि २७ टक्क्यांनी २१ निवडला. हे आकडे कुठून आले ते लगेच दिसतं. बारा नि सात एकोणीस, तेरा नि आठ एकवीस. सतरा वर्षांच्या मुलांमध्येही २ म्हणणारे ३७ टक्केच निघाले. एकापेक्षा लहान असलेल्या दोन संख्यांची बेरीज एकोणीस कशी होईल, ही शंका निम्म्याहून जास्त तेरा वर्षांच्या मुलांना आलीच नाही.

खरं तर अंदाजाचा धडा प्राथमिक शाळेत सगळीकडे असतो. ‘जवळच्या दशकात लिहा’, ‘जवळच्या शतकात लिहा’, ‘अंदाजे उत्तर सांगा’ अशा वर्कशीट मुलं ढिगाने सोडवतात. त्यांतला नियमही सोपा आहे. शतकात लिहायचं तर दशकस्थानचा अंक पाहायचा. तो ५ किंवा त्याहून मोठा असेल तर वरचं शतक, नाहीतर खालचं. फसगत होते ती घाईत. ३,४४७ ही संख्या जवळच्या शतकात लिहायची असताना मूल आधी ३,४५० करतं आणि मग त्याचे ३,५०० करतं. प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे, तरी उत्तर चूक. ३,४४७ पासून ३,४०० अवघ्या ४७ वर आहे आणि ३,५०० आहे ५३ वर. गोल करायचं ते मूळ संख्येवरून, एकदाच.

पण ही चूक किरकोळ. मोठा घोटाळा पुढच्या रकान्यात असतो, जिथे ‘अंदाजे उत्तर’ आणि ‘प्रत्यक्ष उत्तर’ अशा दोन रिकाम्या जागा शेजारी-शेजारी दिलेल्या असतात. बरीच मुलं आधी दुसरी जागा भरतात. गुणाकार पुरा करतात आणि आलेलं उत्तर गोल करून पहिल्या जागेत ठेवतात. दोन्ही रकाने छान जुळतात, बरोबरची खूण मिळते आणि अंदाज मात्र केलेलाच नसतो. शिवाय गुणाकार चुकला असेल तर अंदाजही त्याच चुकीचा गोल केलेला अवतार असतो, त्यामुळे तो काहीच पकडू शकत नाही. वही तपासताना हे ओळखता येतं. खरं उत्तर चुकलं आहे तिथेही अंदाज त्याला तंतोतंत चिकटून बसलेला असेल, तर तो नंतर लिहिलेला आहे.

एक उदाहरण नीट सोडवून पाहण्यासारखं आहे. वर्गातली ३८ मुलं सहलीला जाणार, प्रत्येकी वर्गणी २८५ रुपये. अंदाजे किती पैसे जमतील?

३८ चे ४०, २८५ चे ३००, गुणाकार १२,०००. उत्तरसूचीत बहुधा हेच उत्तर छापलेलं असतं. आता समजा एका मुलीने २८५ तसेच ठेवले, फक्त ३८ चे ४० केले आणि ११,४०० लिहिले. दुसऱ्या मुलाने दोन्ही संख्यांचा फक्त पहिला अंक धरायचा ठरवलं, तर ३० गुणिले २०० म्हणजे ६,०००. खरं उत्तर आहे १०,८३०. उत्तरसूचीतले १२,००० त्यापासून १,१७० रुपयांनी, म्हणजे साधारण ११ टक्क्यांनी लांब आहेत. मुलीचे ११,४०० पाच टक्क्यांच्या आसपास लांब आहेत. उत्तरसूची समोर ठेवून तपासणारे शिक्षक मात्र नेमक्या त्या मुलीच्या उत्तरावर फुली मारण्याची शक्यता आहे. अंदाजाला एकच बरोबर उत्तर असतं असं मानलं की हे असं होतं. ६,००० मात्र खरोखरच निकामी अंदाज आहे, कारण तो खऱ्या रकमेच्या जेमतेम निम्म्यावर येतो.

मग कुठला अंदाज चालेल आणि कुठला नाही, हे कसं ठरवायचं? संख्या गोल करताना ती कुठल्या दिशेला आणि किती सरकली, हे पाहायचं. ३८ चे ४० करताना आपण साधारण पाच टक्के वर गेलो. २८५ चे ३०० करतानाही पाच टक्के वर गेलो. गुणाकारात हे टक्के साधारणपणे एकमेकांत मिळवले जातात, म्हणून एकूण दहा-अकरा टक्के. म्हणजे १२,००० म्हणतानाच दोन गोष्टी कळायला हव्यात : खरं उत्तर याहून कमीच असणार आणि ते साधारण दहा टक्क्यांनी कमी असणार. एक संख्या वर आणि दुसरी खाली नेली तर फरक बराचसा फिटतो. ४० गुणिले २८० केले तर ११,२०० येतात. भागाकारात हे उलटं चालतं. तिथे भाज्य आणि भाजक दोन्ही एकाच दिशेला नेले तर उत्तर खऱ्याच्या जवळ राहतं.

चांगला अंदाज करणारी माणसं याच्याही पुढे एक पाऊल टाकतात. मिसुरी विद्यापीठातले रॉबर्ट रीस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली अशा निष्णात अंदाजकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं गोल केलेल्या उत्तरावर थांबत नाहीत, गोल करताना झालेला फरक परत वळता करतात, असं त्यांना दिसलं. सहलीच्या हिशेबात ते असं होईल. दोन मुलं जास्त धरली, त्यांचे ३०० प्रमाणे ६०० रुपये जादा. प्रत्येक मुलामागे १५ रुपये जास्त धरले, ३८ मुलांचे साधारण ६०० रुपये जादा. बारा हजारांतून बाराशे गेले, उरले १०,८००. हे सगळं तोंडी होतं, कागदाला हात न लावता, आणि उत्तर खऱ्यापासून ३० रुपयांवर येऊन ठेपतं.

हा १०,८०० चा अंदाज हाताशी असला की उत्तराचा ताळा पाहणं किती बदलतं ते तीन चुकीच्या उत्तरांवरून दिसेल. तिन्ही चुका वह्यांमध्ये नेहमी सापडतात.

पहिलं उत्तर ३,१३५. मुलाने २८५ ला ८ ने गुणून २,२८० आणले, मग ३ ने गुणून ८५५ आणले आणि दुसरी ओळ एक घर डावीकडे न सरकवता बेरीज केली. दुसरं उत्तर १०,७३०. यात गुणाकार बरोबर आहेत, पण २,२८० आणि ८,५५० यांची बेरीज करताना हातचा एक राहून गेला. तिसरं उत्तर १०,३८०. यात गणित पूर्ण बरोबर केलं, पण उत्तर उतरवून घेताना ८ आणि ३ यांची अदलाबदल झाली.

जुन्या पिढीतली माणसं अशा वेळी नवाचा ताळा करत. ही रीत दहाव्या शतकाच्या सुमारास दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांता’तही आहे. संख्येतले अंक एकमेकांत मिळवत जायचं, एक अंक उरेपर्यंत. ३८ चे ११ आणि ११ चे २. २८५ चे १५ आणि १५ चे ६. दोन सक बारा, बाराचे ३. म्हणजे बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीजही ३ यायला हवी. १०,८३० चे १२ आणि १२ चे ३, ताळा जमला. १०,७३० चे ११ आणि ११ चे २, चूक लगेच उघडी पडली. पण ३,१३५ चे? तीन, एक, तीन, पाच मिळून १२, म्हणजे ३. ताळा जमतो! १०,३८० चाही जमतो. घर चुकलं किंवा अंकांची जागा बदलली तर अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या ताळ्याला या दोन चुका दिसतच नाहीत.

अंदाजाला मात्र ३,१३५ एका नजरेत खटकतं. जिथे दहा-अकरा हजार हवे तिथे तीन हजार. १०,३८० ही त्याला खटकतं, पण फरक वळता केलेला असेल तरच. १२,००० पाशी थांबलेल्या माणसाला ‘याहून कमी असणार’ एवढंच माहीत असतं आणि १०,३८० त्या अटीत बसतं. १०,८०० पर्यंत आलेला माणूस ४२० रुपयांचा फरक पाहून पुन्हा वही उघडेल. १०,७३० मात्र त्याच्याही हातून निसटू शकतं, कारण ७० रुपयांचा फरक अंदाजात खपून जातो. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. शाळेत हे दोन्ही ताळे एकत्र शिकवले जात नाहीत, याचं नवल वाटतं.

गोल करण्याची दिशा किती महत्त्वाची, याचा एक महागडा नमुना कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दाखवला. जानेवारी १९८२ मध्ये या बाजाराचा निर्देशांक १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर, दिवसाला सुमारे ३,००० वेळा, संगणक तो नव्याने काढी आणि दशांशानंतरची तीन घरं ठेवून पुढचं छाटून टाकी. छाटल्यावर संख्या खालीच जाते, वर कधीच जात नाही. बाजार बरा चालला असतानाही निर्देशांक घसरत राहिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४ च्या आसपास आला. चूक दुरुस्त केल्यावर तो १,०९८.८९२ निघाला. एवढीशी छाट एवढा खड्डा पाडेल का, हेही अंदाजाने पाहता येतं. दर वेळी सरासरी ०.०००५ गेले, ३,००० वेळा म्हणजे दिवसाला दीड अंश. महिन्याला वीस-एक दिवस बाजार चालतो, म्हणजे ३० अंश. बावीस महिन्यांत सहाशे-साडेसहाशे. प्रत्यक्ष तूट ५७४ ची होती.

भारतीय मानक संस्थेने १९६० साली काढलेल्या ‘आयएस २’ या मानकात याच एकतर्फीपणावर उपाय आहे. बरोबर मध्यावर आलेली संख्या नेहमी वर न ढकलता ती ज्या बाजूला सम अंक येईल तिकडे न्यायची. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. शाळेत शिकलेला ‘पाच आला की वर’ हा नियम डोक्यात ठेवून प्रयोगशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी चूकच वाटतं.

आतापर्यंतचे ताळे संख्यांचे होते. काही उत्तरं संख्या म्हणून निर्दोष असतात, पण प्रश्नातल्या परिस्थितीत बसत नाहीत. त्याच अमेरिकी चाचणीच्या १९८२ च्या फेरीत एक प्रश्न होता. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना न्यायचं तर किती बस लागतील? भागाकार केला की ३१ येतात आणि बाकी १२ उरते. तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी हा भागाकार बिनचूक केला. पण ३२ बस हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिलं. २९ टक्क्यांनी ‘३१ बस, बाकी १२’ असं लिहिलं आणि १८ टक्क्यांनी ३१ लिहून बारा जणांना रस्त्यावरच सोडलं. ‘५ हून लहान असेल तर खालचं’ हा वर्कशीटवरचा नियम लावला तरी ३१ च येतात. बस असो की फरशीचे खोके, उरलेल्यांसाठीही काही लागणार असेल तर संख्या वरच न्यावी लागते. दोरीचे तुकडे किती निघतील असं विचारलं असतं तर खाली यावं लागलं असतं.

गणिताला परिस्थितीशी न ताडल्याने काय होतं, याचं सर्वांत धडकी भरवणारं उदाहरण २३ जुलै १९८३ चं आहे. तेही कॅनडातलंच. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ जातीचं विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजलं गेलं. ते ७,६८२ लिटर भरलं. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला हवे होते आणि हिशेबात गुणक घेतला गेला १.७७. हा आकडा खरा होता, पण तो एका लिटरचं वजन पौंडात सांगणारा होता. ताफ्यातली जुनी विमानं पौंडांवर चालत आणि हे नवं विमान किलोवर. किलोसाठीचा गुणक होता साधारण ०.८.

पुढची आकडेमोड चोख झाली. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केल्यावर ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागून सुमारे ४,९०० लिटर इंधन भरलं गेलं. भरायला हवं होतं ते २०,००० लिटर. ओटावाला टाकी पुन्हा मोजली गेली, पण हिशेब त्याच १.७७ ने झाला, त्यामुळे तो पुन्हा जुळला. हवेत असतानाच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी विमान तसंच तरंगत आणून गिमली या गावाजवळच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले ६९ जण वाचले.

या हिशेबाला नवाचा ताळा लावला असता तर तो जमला असता. गुणाकारात चूक नव्हतीच. उपयोगी पडला असता तो वेगळाच अंदाज. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, आणि इंधन पाण्यावर तरंगतं. म्हणजे एक लिटर इंधन एक किलोपेक्षा हलकंच असणार आणि २२,३०० किलो इंधनाला २२,३०० लिटरहून जास्त जागा लागणार. टाकीत आधीचे आणि नवे मिळून १२,६०० लिटरही नव्हते.

अशी पारख शिकवणारे प्रश्न वर्कशीटवर घालता येतात आणि काही शिक्षक ते घालतातही. त्यात मुलांना आकडेमोड करावीच लागत नाही. ७२.५ गुणिले ०.४८ याच्या उत्तरातले अंक आहेत ३, ४ आणि ८, दशांशचिन्ह कुठे येईल तेवढं सांगा, असा प्रश्न द्यायचा. ‘दोन्ही संख्यांतली दशांशाची घरं मोजा’ हा नियम पाठ केलेली मुलं तीन घरं मोजतात आणि ०.३४८ लिहितात. ०.४८ म्हणजे जवळजवळ अर्धा, हे ज्यांच्या लक्षात येतं ती ७२ चे निम्मे ३६ धरतात आणि ३४.८ लिहितात. नियमही चुकलेला नसतो. खरा गुणाकार ३४.८०० असतो आणि शेवटची दोन शून्यं प्रश्न काढणाऱ्याने मुद्दामच गाळलेली असतात.